माणूस, चिंपांझी की गोरिला? वंशवृक्ष आणि बूटस्ट्रॅप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलाइनमेंट, म्हणजे अनेक प्राण्यांचे सिक्वेन्स स्थानाला स्थान जुळवून एकाखाली एक मांडलेला तक्ता, हातात आली की प्रयोगशाळेतली नवी मुलं जे प्रश्न घेऊन येतात, तेच इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तराला नवं उदाहरण घेतलं की डोक्यात गोंधळ होतो, म्हणून शक्यतो एकच घेतलं आहे. वेस्ली ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएतला ८९६ बेसचा एक तुकडा वाचला. त्यात तीन टीआरएनए जनुकं आहेत आणि प्रथिनं बनवणाऱ्या दोन जनुकांचे भाग आहेत. पाचच प्राणी, गॅप, म्हणजे जुळवताना सोडाव्या लागणाऱ्या रिकाम्या जागा, जवळजवळ नाहीतच, आणि तरीही माणसाचा सर्वांत जवळचा नातलग कोण हा प्रश्न या तुकड्यावर सहजासहजी सुटत नाही. शिकायला याहून चांगला डेटा मला सापडलेला नाही.

अलाइनमेंट झाली. लगेच झाड काढू का?

आधी ती डोळ्यांनी बघा. झाड काढणारा प्रोग्राम अलाइनमेंटवर पूर्ण विश्वास टाकतो: एका उभ्या रकान्यात जी अक्षरं आली ती एकाच पूर्वज-स्थानातून आली, असं तो धरूनच चालतो. तुम्ही रकाना चुकवला तर त्याला ते कळायला मार्ग नाही, आणि झाडाच्या फांद्या किती भक्कम ते तपासणाऱ्या बूटस्ट्रॅपलाही नाही.

माझ्याकडून एकदा एक सिक्वेन्स उलट्या साखळीचा तसाच आत गेला होता. अलाइनमेंटच्या प्रोग्रामने गॅप घालघालून तो कसाबसा बसवला. झाडात तो प्राणी सगळ्यांपासून लांब, भल्यामोठ्या फांदीवर एकटाच लटकत होता आणि मी दोन दिवस ‘वेगाने उत्क्रांत झालेली शाखा’ म्हणून त्याचं कौतुक करत बसलो. एखादी फांदी बाकीच्यांच्या पाच-दहा पट लांब दिसली की पहिला संशय जीवशास्त्रावर घेऊ नका, फाइलवर घ्या. अलाइनमेंट करणाऱ्या MAFFT या प्रोग्राममध्ये `--adjustdirection` दिलं तर दिशेची ही चूक पकडली जाते. प्रथिनाचं जनुक असेल तर भाषांतर करून मधेच स्टॉप कोडॉन येतोय का तेही बघा. फक्त मायटोकॉन्ड्रियाचा जनुकीय कोड वेगळा असतो, तो निवडायला विसरू नका.

अंतराची पद्धत नेमकं काय करते?

प्रत्येक जोडीत किती टक्के स्थानं वेगळी आहेत ते मोजते आणि त्या आकड्यांवर बसेल असं झाड शोधते. वरच्या तुकड्यातल्या चार प्राण्यांचे आकडे असे आहेत:

| | चिंपांझी | गोरिला | ओरांगउटान |
|---|---|---|---|
| माणूस | ८.८ | १०.३ | १६.१ |
| चिंपांझी | | १०.६ | १७.२ |
| गोरिला | | | १६.७ |

चार प्राण्यांची, मूळ न दाखवणारी झाडं तीनच असू शकतात. प्रत्येक झाड म्हणजे दोन-दोनच्या जोड्या पाडण्याची एक रीत. जोड्यांमधली अंतरं मिळवून बघू. माणूस-चिंपांझी आणि गोरिला-ओरांगउटान: ८.८ अधिक १६.७, म्हणजे २५.५. चिंपांझी-गोरिला आणि माणूस-ओरांगउटान: १०.६ अधिक १६.१, म्हणजे २६.७. माणूस-गोरिला आणि चिंपांझी-ओरांगउटान: १०.३ अधिक १७.२, म्हणजे २७.५. ज्या झाडाची बेरीज सर्वांत कमी ते झाड खरं धरायचं, कारण बरोबर जोड्या पाडल्या की मधली फांदी एकाही अंतरात मोजली जात नाही. इतर दोन रीतींत ती दोनदा मोजली जाते. म्हणजे माणूस आणि चिंपांझी एकत्र.

आता ती मधली फांदी किती लांब आहे ते काढा. उरलेल्या दोन बेरजांची सरासरी २७.१. त्यातून २५.५ वजा केले की १.६ उरतात आणि ते दोनदा मोजलेले, म्हणून ०.८ टक्के. ८९६ स्थानांच्या ०.८ टक्के म्हणजे साधारण सात. माणसाचा सख्खा नातलग कोण, हा सगळा वाद या तुकड्यात सात बदलांच्या फांदीवर उभा आहे. हा सातचा आकडा लक्षात ठेवा, बूटस्ट्रॅपकडे आलो की तो पुन्हा लागणार आहे.

अंतरं अगदी अचूक असती तर उरलेल्या दोन बेरजा सारख्या आल्या असत्या. इथे २६.७ आणि २७.५ आहेत. हा फरक म्हणजे डेटातला खडखडाट, आणि तो मधल्या फांदीइतकाच, ०.८ टक्के आहे. गोष्ट किती नाजूक आहे ते यावरून दिसतं.

नुसती टक्केवारी का नाही वापरायची? ‘करेक्शन’ कशासाठी?

कारण एकाच स्थानावर दोनदा बदल झाला तर आपल्याला एकच दिसतो, आणि बदलून परत मूळ अक्षर आलं तर काहीच दिसत नाही. ज्यूक्स आणि कँटर यांचं सर्वांत साधं सूत्र हे:

```
d = -(3/4) * ln(1 - (4/3) * p)
```

माणूस-चिंपांझीचे ८.८ टक्के यात घातले की ९.४ होतात. माणूस-गिबनचे १८.१ टक्के मात्र २०.७ होतात. जवळच्या जोडीला दुरुस्ती जवळपास लागत नाही, लांबच्या जोडीला बरीच लागते. `p` हा ०.७५ च्या जवळ गेला की सूत्र अनंताकडे पळतं. चार अक्षरांतून यादृच्छिक निवडलेले दोन सिक्वेन्सही तितकेच वेगळे असतात, म्हणजे तिथे सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

हे सूत्र सगळे बदल सारखेच संभाव्य मानतं. प्राण्यांच्या मायटोकॉन्ड्रियात तसं अजिबात नसतं: A आणि G ची आपसात, C आणि T ची आपसात अदलाबदल प्रचंड प्रमाणात होते, बाकीच्या बदलांच्या कितीतरी पट. म्हणून या डेटावर निदान किमुराचं किंवा तामुरा-नेईचं मॉडेल घ्यावं. ज्यूक्स-कँटर वर्गात शिकवायला ठीक आहे.

एनजे आणि यूपीजीएमए यांत कुठलं?

एनजे, म्हणजे नेबर-जॉइनिंग. सैतोऊ आणि नेई यांनी १९८७ साली ही रीत मांडली. यूपीजीएमए सगळ्या शाखा एकाच वेगाने बदलतात असं गृहीत धरतं आणि सर्वांत कमी अंतराच्या जोडीला सख्खं मानतं. एखादी शाखा वेगाने धावली की हा हिशेब फसतो. एनजे प्रत्येक प्राणी बाकी सगळ्यांपासून सरासरी किती लांब आहे ते वजा करून मगच जोडी ठरवतं. चार प्राणी असतील तर वर केलेलं गणित आणि एनजे यांचं उत्तर एकच येतं.

मग मॅक्झिमम लाइकलिहूड काय वेगळं करतं?

अंतराच्या पद्धतीत ८९६ रकाने एका आकड्यात कोंबले जातात. माणूस आणि गोरिला यांच्यात १०.३ टक्के फरक आहे हे कळतं, पण तो कोणत्या स्थानांवर आहे आणि त्याच स्थानांवर चिंपांझीचं अक्षर काय होतं हे पुसलं जातं. लाइकलिहूड रकाने टाकून देत नाही. ते उलट बाजूने विचारतं: हे झाड, या लांबीच्या फांद्या आणि बदलांचं हे मॉडेल खरं असेल, तर मला दिसतोय तोच रकाना दिसण्याची शक्यता किती?

एक रकाना घ्या: माणूस A, चिंपांझी A, गोरिला G, ओरांगउटान G, गिबन G. पाच प्राण्यांच्या झाडात आत तीन गाठी असतात, तीन अज्ञात पूर्वजांच्या. त्यांच्याकडे कोणतं अक्षर होतं हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून चारही शक्यता प्रत्येक गाठीवर धरायच्या: चार गुणिले चार गुणिले चार, चौसष्ट कथा. प्रत्येक कथेची शक्यता काढून बेरीज केली की त्या एका रकान्याची लाइकलिहूड मिळते. असे ८९६ रकाने. त्यांचे लॉगॅरिदम मिळवले की झाडाला एक ऋण आकडा मिळतो आणि ज्याचा आकडा शून्याच्या सर्वांत जवळ ते झाड जिंकतं. चौसष्टच्या चौसष्ट कथा वेगळ्या न मोजता टोकांकडून आत येत हा हिशेब स्वस्तात करायची युक्ती जो फेल्सेनस्टाइन यांनी १९८१ साली दिली. ती नसती तर आज पन्नास सिक्वेन्सचं झाडही कुणी काढलं नसतं.

खरी कमाई मॉडेलमध्ये आहे. तिसरं कोडॉन-स्थान भराभर बदलतं, टीआरएनएचा देठ हळू बदलतो. लाइकलिहूडला रकान्यांचे वेग वेगवेगळे मानणारं गॅमा वितरण दिलं की भरभर बदलणाऱ्या रकान्यातल्या साम्याला ते कमी वजन देतं आणि संथ रकान्यातल्या साम्याला जास्त. अंतराच्या सूत्रातही गॅमा घालता येतो, पण त्याचा आकार बाहेरून द्यावा लागतो आणि कोणता रकाना संथ हे तिथे कळतच नाही.

दोन्हींनी झाड एकच दिलं तर एमएलचा खटाटोप कशाला?

सिक्वेन्स जवळचे असतील, फांद्या साधारण सारख्या लांबीच्या असतील, तर दोन्ही बहुधा एकच झाड देतात. अशा वेळी एनजेने काही बिघडत नाही. हजारो सिक्वेन्सचा पहिला अंदाज घ्यायला ते उत्तमच, सेकंदांत होतं. मी अजूनही नवा डेटा आला की आधी एनजे काढतो, मुख्यतः लेबलांची अदलाबदल आणि भेसळ पकडायला.

फरक पडतो तो फांद्या असमान असल्यावर. दोन लांब फांद्यांवर योगायोगाने सारखी अक्षरं साठत जातात, आणि दुरुस्ती कमी पडली की त्या दोघी सख्ख्या बहिणी वाटू लागतात. एमएल यातून पूर्ण सुटत नाही, पण मॉडेल बरं असेल तर लांब फांदीवर योगायोग अपेक्षितच आहेत हे ते हिशेबात धरतं. दोन पद्धतींची झाडं वेगळी आली तर एमएलचं घेऊन पुढे पळू नका. ज्या प्राण्याची जागा बदलली त्याची फांदी बघा. बहुतेक वेळा ती लांब असते, नाहीतर त्याचा अर्धा सिक्वेन्स गायब असतो.

प्रत्यक्ष चालवायचं कसं?

एनजेसाठी आर मधलं `ape`:

```
library(ape)
a <- read.dna("hominoid.fasta", format = "fasta")
f <- function(x) nj(dist.dna(x, model = "TN93"))
t <- f(a)
boot.phylo(t, a, f, B = 1000)
```

इथे उत्तर टक्क्यांत येत नाही, हजारांपैकी किती वेळा ते येतं. प्रबंधात फांदीवर ‘७८०’ छापलेलं मी पाहिलं आहे.

एमएलसाठी आयक्यू-ट्री:

```
iqtree2 -s hominoid.fasta -m MFP -B 1000 -alrt 1000 -o Gibbon
```

`MFP` मॉडेल स्वतः निवडून मग झाड काढतं. `-o Gibbon` हा आउटग्रुप, म्हणजे बाकी सगळ्यांच्या गटाबाहेरचा नातलग. तो दिला नाही तर चित्रात फाइलमधला पहिला सिक्वेन्स मुळाशी जाऊन बसतो, आणि बघणारा त्यालाच पूर्वज समजतो. दोन्ही पद्धती मूळ सांगत नाहीत. ते आउटग्रुपवरून तुम्ही ठरवता.

बूटस्ट्रॅप म्हणजे काय, सोप्या शब्दांत?

८९६ रकान्यांच्या ८९६ चिठ्ठ्या एका डब्यात टाका. एक काढा, लिहून घ्या, परत टाका. असं ८९६ वेळा करा. नव्या अलाइनमेंटमध्ये काही रकाने दोनदा-तीनदा येतील आणि सुमारे ३७ टक्के रकाने येणारच नाहीत. या अलाइनमेंटवरून त्याच पद्धतीने झाड काढा. असं हजार वेळा केल्यावर माणूस-चिंपांझी हा गट किती झाडांत आला, तो आकडा फांदीवर लिहायचा. ही कल्पनाही फेल्सेनस्टाइन यांचीच, १९८५ सालची.

आता तो सात आठवा. माणूस-चिंपांझी गटाला टेकू देणारे रकाने थोडे आहेत, आणि चिंपांझी-गोरिला गटाला टेकू देणारेही काही आहेतच. चिठ्ठ्यांच्या एखाद्या फेरीत पहिल्यातले दोन-तीन गळले आणि दुसऱ्यातले दोनदा आले की पारडं फिरतं. उलट ओरांगउटान आणि गिबन एका बाजूला व उरलेले तिघे दुसऱ्या बाजूला, ही फांदी कितीतरी जास्त बदलांवर उभी आहे. कशाही चिठ्ठ्या निघाल्या तरी ती हलत नाही. म्हणून एकाच झाडात एका फांदीवर १०० आणि शेजारच्या फांदीवर मध्यम आकडा, यात विचित्र काही नाही.

७० च्या वर आला की गट पक्का, बरोबर ना?

हा सत्तरचा आकडा १९९३ सालच्या हिलिस आणि बुल यांच्या कामातून आला. त्यांनी दाखवलं ते असं, की ठरावीक अनुकूल परिस्थितीत ७० किंवा त्याहून जास्त आधार असलेले गट बहुधा खरे निघतात. अटी गळून पडल्या आणि आकडा तेवढा राहिला.

शिवाय तो साध्या बूटस्ट्रॅपचा आहे. वरच्या आज्ञेतला `-B` हा अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅप. त्याची मोजपट्टी वेगळी आहे: तिथे ९५ च्या पुढे विश्वास ठेवायचा आणि `-alrt` ने मिळणाऱ्या SH-aLRT या फांदीच्या दुसऱ्या चाचणीला ८० च्या पुढे. फांदीवर `91.2/84` असं दिसेल, तर पहिला SH-aLRT आणि दुसरा अल्ट्राफास्ट. हा ८४ साध्या बूटस्ट्रॅपच्या ८४ इतका भक्कम नाही. कोणता बूटस्ट्रॅप ते चित्राखाली लिहिलेलं नसेल तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. साधा हवा असेल तर `-b 100` द्या आणि चहाला जा.

आकडा ५२ आला. फांदी ठेवू की काढू?

आधी उरलेले ४८ कुठे गेले ते बघा. ते सगळे एकाच पर्यायाकडे गेले असतील, तर डेटात दोन विरोधी आवाज आहेत आणि त्याचं कारण शोधण्यासारखं आहे. ते अनेक पर्यायांत विखुरले असतील, तर डेटात आवाजच नाही. बहुतेक वेळा एकच अस्थिर सिक्वेन्स असतो, अर्धवट वाचलेला, जो दर झाडात नवी जागा धरतो आणि सगळ्यांचे आकडे पाडतो. तो काढून पुन्हा चालवा, पण काढला हे लिहा. आकडा वाढेपर्यंत एकेक प्राणी वगळत राहणं मात्र सरळसरळ लबाडी आहे.

१०० आला तर?

तर तुमच्या रकान्यांत, तुमच्या मॉडेलखाली, एकमत आहे. ते खरं आहे की नाही, हा वेगळा प्रश्न.

मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी राइबोसोमल आरएनएच्या जुन्या झाडांत सगळ्या युकॅरियोटांच्या बुडाशी जाऊन बसायचे. ते अतिप्राचीन आहेत असं बराच काळ मानलं गेलं. पुढे ट्यूब्युलिन आणि आरएनए पॉलिमरेजची जनुकं पाहिली तेव्हा ते बुरशीचे नातलग निघाले. त्यांचे सिक्वेन्स भन्नाट वेगाने बदलले होते आणि लांब फांदी लांबच्या आउटग्रुपकडे ओढली जात होती. अशा ओढीत बूटस्ट्रॅप मदतीला येत नाही. चिठ्ठ्या त्याच पक्षपाती डब्यातल्या, त्यामुळे रकाने वाढवले की चुकीचा आकडाच वर चढतो. तपासायचं तर आउटग्रुप काढून झाड पुन्हा काढा, किंवा लांब फांदी तोडणारा मधला नातलग मिळवा.

दुसरा प्रकार आपल्याच घरातला. आज संपूर्ण मायटोकॉन्ड्रिया, सुमारे साडेसोळा हजार बेस, घेतला तर माणूस-चिंपांझी भक्कमपणे एकत्र येतात. पण मायटोकॉन्ड्रियात पुनर्संयोजन जवळपास होत नाही, म्हणून तो कितीही लांब असला तरी एकाच जनुकाची वंशावळ सांगतो. २०१२ साली गोरिलाचा जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा दिसलं की त्याच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला माणसाच्या किंवा चिंपांझीच्या जास्त जवळ आहे, ते दोघे एकमेकांच्या असतात त्याहून. पूर्वज-लोकसंख्येतली जनुकांची विविधता प्रजाती वेगळ्या होताना त्यांच्यात पुरती विभागली गेली नव्हती, इतकंच. अशा भागातलं एखादं जनुक घेऊन तुम्ही माणूस-गोरिला गटाला ९९ मिळवलेत, तर ते त्या जनुकापुरतं बरोबर असेल आणि प्रजातींच्या बाबतीत चूक. अनेक जनुकं असतील तर ती जोडून एक लांब अलाइनमेंट करण्याआधी प्रत्येकाचं झाड वेगळं काढा आणि किती झाडांत गट टिकतो ते मोजा. आयक्यू-ट्रीत त्यासाठी `--gcf` आहे.

झाड फिरवल्यावर आकडे भलतीकडे दिसतात. प्रोग्राम बिघडलाय का?

बहुधा बिघडला नाही, पण फसवतोय. आधाराचा आकडा फांदीचा असतो, फाइलमध्ये मात्र तो गाठीचं नाव म्हणून लिहिला जातो. नमुन्याचे आकडे घालून:

```
(Gibbon,Orangutan,(Gorilla,(Human,Chimp)78)100);
```

इथे ७८ म्हणजे ‘माणूस, चिंपांझी एका बाजूला, बाकी तिघे दुसऱ्या’ या फांदीचा आकडा. आता कुणी मूळ माणसाच्या फांदीवर नेलं आणि प्रोग्रामने गाठींची नावं जिथल्या तिथे ठेवली, तर तीच फांदी आता गोरिलाच्या गाठीकडे उतरते आणि तिच्यावर १०० दिसतो. डेटा तोच, झाड तेच, आणि डळमळीत गट एका क्लिकमध्ये पक्का. फाइल उघडताना काही प्रोग्राम लेबल गाठीचं की फांदीचं असं विचारतात, तिथे घाईने ‘ओके’ दाबू नका. मी मूळ फाइलमधल्या प्रत्येक आकड्यासमोर तो कोणाला कोणापासून वेगळं करतो ते एका ओळीत लिहून ठेवतो, आणि चित्र तयार झालं की त्या ओळींशी ताडून बघतो. पाच प्राण्यांच्या झाडात अशा दोनच ओळी होतात.